हितोरी: आकडे सगळे जुळले, तरी कोडं चुकलं

हितोरी म्हणजे आकड्यांची चौकट, जिच्यातली काही घरं काळी करून आडव्या-उभ्या ओळींत परत आलेले आकडे घालवायचे. मी शेवटचं घर काळं केलं. एकाही ओळीत आकडा परत आलेला नव्हता, दोन काळी घरं कुठेही शेजारी नव्हती. तरीही उत्तराशी ताडून पाहिल्यावर तीन घरं वेगळी निघाली. याचा राग अजून गेलेला नाही, कारण उत्तराच्या पानावर नुसतं चित्र असतं आणि आपलं कुठे बिनसलं ते त्यातून कळत नाही. हे दोन नियम मी पाळले होते, चूक तिसरा पाळण्यात झाली होती. पांढरी उरलेली सगळी घरं एकमेकांना जोडलेली हवीत, म्हणजे एका पांढऱ्या घरातून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सरकत कुठल्याही दुसऱ्या पांढऱ्या घरात जाता आलं पाहिजे. तिरकं सरकायचं नाही.

हे कोडं जपानमधल्या निकोली या कोड्यांच्या प्रकाशन संस्थेच्या मासिकातून १९९० साली पुढे आलं. त्याच्या पूर्ण जपानी नावाचा अर्थ 'मला एकटं राहू द्या' असा आहे. ते आकड्यांना लागू पडतं, कारण आडव्या किंवा उभ्या ओळीत प्रत्येक आकडा एकटा उरला पाहिजे. पांढऱ्या घरांना मात्र एकटं राहायची मुभा नाही.

माझं अडलेलं कोडं असं होतं:

```
४ ३ १ ३ १
१ ३ ३ ५ २
५ २ ३ २ ४
१ ५ ४ २ १
२ ४ ४ १ ४
```

घरं सांगताना आधी आडवी ओळ आणि मग डावीकडून कितवं घर, असं लिहिते. म्हणजे ३-२ हे तिसऱ्या ओळीतलं दुसरं घर.

सुरुवात सोपी होती. दोन सारख्या आकड्यांच्या मधोमध अडकलेलं घर काळं होऊच शकत नाही. ते काळं केलं तर त्याचे दोन्ही शेजारी पांढरे ठेवावे लागतात आणि तेच तर सारखे आहेत. त्यामुळे तिसऱ्या ओळीतल्या दोन-तीन-दोनमधलं ३-३ पांढरं. पहिल्या ओळीत तीन-एक-तीन आणि एक-तीन-एक एकमेकांत गुंतलेत, म्हणून १-३ आणि १-४ पांढरी, आणि त्यांचे जोडीदार १-५ आणि १-२ काळे. शेवटच्या ओळीत चारचे दोन आकडे चिकटून आहेत. त्यांतला एक पांढरा राहणारच, कारण दोन्ही काळे केले तर शेजारी येतात. म्हणजे लांबचा तिसरा चार, ५-५, काळा. ३-३ पांढरं ठरल्यामुळे त्याच्या डोक्यावरचा तीन, २-३, काळा. इथवर पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पांढऱ्या ठरलेल्या घराभोवती लगेच गोल काढा, हे इथेच सांगून टाकते. काळ्या घराच्या चारही बाजूंना गोल पडतात आणि निम्मं कोडं त्या गोलांवरच सुटतं.

मग कोपरे. १-२ काळं झाल्यावर १-१ ला बाहेर पडायला फक्त खालची वाट उरते, म्हणून २-१ पांढरं. उभ्या ओळीत त्याचा जोडीदार एक ४-१ मध्ये आहे, तो काळा. आता खालच्या कोपऱ्यातल्या ५-१ ची वरची वाट बंद झाली, म्हणून ५-२ पांढरं आणि ५-३ काळं.

राहिले दोनचे तीन आकडे: ३-२, ३-४ आणि ४-४. आडव्या ओळीत ३-२ आणि ३-४ यांतलं एक जायला हवं, उभ्या ओळीत ३-४ आणि ४-४ यांतलं एक. मी ३-२ आणि ४-४ काळी केली. आकडे जुळले, शेजार कुठेच नाही. म्हणून कोडं सुटलं असं समजून थांबले, आणि तीच चूक.

वरच्या डाव्या कोपऱ्याकडे बघा. १-२, २-३, ३-२, ४-१ ही काळी घरं कोपऱ्याला कोपरा लावून उभी आहेत. ही रांग वरच्या कडेला सुरू होते आणि डाव्या कडेला संपते. तिच्या आत १-१, २-१, २-२ आणि ३-१ ही चार पांढरी घरं कोंडली गेली. काळी घरं एकमेकांना बाजूनं कुठेही भिडत नाहीत, त्यामुळे नजरेला त्यांच्यामध्ये फट आहे असं वाटतं. पण ती फट तिरकी आहे आणि तिरकं जायची परवानगी नाही. तिरक्या रेषेत लागलेली काळी घरं म्हणजे भिंतच, हे मला फार उशिरा उमगलं. खालीही तेच झालं होतं. ५-३, ४-४, ५-५ या तिघांनी ५-४ ला एकट्याला घेरलं. सतरा पांढऱ्या घरांचे बारा, चार आणि एक असे तीन तुकडे पडले होते आणि मला त्यातला एकही दिसला नव्हता.

आधी मी तपासायला एका पांढऱ्या घरावर पेन्सिल ठेवून वाट चालून बघायची. पाच बाय पाचमध्ये ते जमतं. बारा बाय बारामध्ये वेळ जातो आणि एखादा कोपरा राहून जातो. आता पांढरं सोडून काळ्यांकडेच बघते. काळ्या घरांची तिरकी साखळी चौकटीच्या कडेला जास्तीत जास्त एका घरानं टेकू शकते. दुसऱ्या घरानं टेकली की तुकडा पडला. साखळी कुठेच कडेला टेकत नसेल पण स्वतःलाच मिळून वेढा घालत असेल, तरी आतलं पांढरं तुटलं. सगळ्यात लहान वेढा चार काळ्या घरांचा असतो आणि त्यात एकच घर सापडतं.

म्हणून नवं घर काळं करण्याआधी त्याचे चार तिरके शेजारी बघायचे. ३-२ च्या तिरक्या शेजाऱ्यांपैकी काळे दोन, २-३ आणि ४-१. एकाची साखळी १-२ मधून वरच्या कडेला पोचलेली, दुसरं स्वतःच डाव्या कडेवर. दोघांना जोडणारं घर काळं करता येत नाही, म्हणजे ३-२ पांढरं. मग ३-४ काळं आणि ४-४ पांढरं. कोडं सुटलं. एकूण सात काळी: १-२, १-५, २-३, ३-४, ४-१, ५-३, ५-५. यातली सगळ्यात लांब साखळी, १-२ पासून ३-४ पर्यंतची, कडेला फक्त वर टेकते. बाकीची चारही काळी घरं सुटी आहेत. चित्र असं मोकळं दिसल्यावर फार बरं वाटलं.

हा निकाल ५-४ कडूनही लागला असता. त्याच्या दोन्ही बाजूंना काळी घरं होती, म्हणून त्याच्या वरचं ४-४ पांढरंच हवं होतं. मी मात्र पूर्ण वेळ वरच्या आकड्यांत गुंतले होते. अडलात तर कडेची घरं आधी बघा. त्यांना तीनच शेजारी असतात, त्यातले दोन काळे झाले की तिसरा ठरला.

ज्याचा आकडा आडव्या आणि उभ्या, दोन्ही ओळींत एकदाच आला आहे, त्या घराला हात लावू नका. या कोड्यात २-४ मधला पाच तसा आहे. नीट बनवलेल्या कोड्याला एकच उत्तर असतं. असं घर काळं करून कोडं सुटत असेल तर ते पांढरं ठेवूनही सुटेल, आणि मग उत्तरं दोन होतील.

आणि पेन्सिल हलकी चालवा. गडद काळ्याखाली आकडा गेला, की चूक सापडल्यावर परत कशाशी ताडणार?