बोटांच्या बेचक्यातली भेग

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या उपकेंद्राच्या गावात ऑगस्टमध्ये हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम चालू होती. जेवण झालंय का हे आधी विचारायचं, मोठ्या माणसाला डीईसीच्या तीन गोळ्या द्यायच्या, अल्बेंडाझोलची एक चावून खायला लावायची आणि हे सगळं आमच्यासमोर. नंतर घेतो म्हणून ठेवलेली गोळी बहुतेक घरांत तशीच पडून राहते.

एका घरात मावशी खाटेवर कुडकुडत पडल्या होत्या. उजवा पाय बरीच वर्षं सुजलेला, पण आज तो लालबुंद, हाताला चटका बसेल इतका गरम आणि जांघेत अवधाण आलेलं. आजारी माणसाला मोहिमेतली गोळी देत नाहीत, म्हणून ती बाजूला ठेवली आणि मी पायाची बोटं एकेक फाकवून बघितली. करंगळीजवळच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजून फुगलेली आणि मधोमध भेग. रोवणीच्या चिखलात उभं राहून झालेली.

मावशींना येणारा असा ताप डास चावून येत नाही. हत्तीरोगाच्या जंतांनी रसवाहिन्या निकामी केल्यामुळे पायात पाणी साचतं, आणि अशा पायात भेगेतून शिरलेले जिवाणू झपाट्याने पसरतात. असा प्रत्येक ताप सूज आणखी वाढवून जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलं. पाय उंच, गार पाण्याची पट्टी; शेक आणि मालिश बंद.

मुलगा मात्र गोळ्यांना हात लावेना. "पाय बाईचा सुजला, मी कायले खाऊ जी?" मी त्याला ओसरीवर बसवलं. जंतांची पिल्लं धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्याही रक्तात असतात, रात्री ती वर येतात, म्हणून आम्ही रक्त रात्रीच घेतो. गटारात वाढणारा क्युलेक्स डास ती उचलतो आणि दुसऱ्याला चावताना सोडतो. गोळीने मुख्यतः पिल्लं मरतात. मोठे जंत बरीच वर्षं जगतात, म्हणून दरवर्षी पुन्हा. सुजलेला पाय या गोळीने उतरत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. त्याने घेतली. रात्री अंग तापलं, डोकं दुखलं. पिल्लं मरताना असं होतं, एक-दोन दिवसांत जातं.

ताप उतरल्यावर मी टब, मग आणि साबण घेऊन गेले. साधं पाणी, गरम नाही. साबणाचा फेस हातानेच लावायचा, घासणी नको. सुनेला सगळ्यात जास्त वेळ लागला तो पुसायला. टॉवेलचं टोक प्रत्येक बेचक्यात घालून टिपायचं, ओल अजिबात राहू द्यायची नाही, मग तिथे बुरशीचं मलम. रात्री पायाखाली उशी.

दिवाळीपर्यंत भेग भरली आणि ताप पुन्हा आला नाही. पाय पूर्वीइतका ताठ लागत नाही, पण सूज आहेच, ती राहणार. पुढच्या रोवणीला मावशी बांधीत उतरणारच आहेत. त्यामुळे शेतातून आल्या आल्या, चहाच्याही आधी पाय धुवायचा, एवढं सुनेशी ठरवून ठेवलंय.