होलसेलचा ईमेल मी तीनदा लिहिला, त्याचा अनुभव

आमचा कांदा-लसूण मसाल्याचा छोटा धंदा आहे, कोल्हापुरात, घरचाच. २५० ग्रॅमचं पाकीट, एमआरपी १८०. पुण्यातल्या एका दुकानदार दादांनी विचारलं, होलसेल रेट ईमेलवर पाठवा. रेट काढायला मला फार वेळ लागला नाही. एका कार्टनमध्ये २० पाकिटं बसतात म्हणून कमीत कमी २ कार्टन, म्हणजे ४० पाकिटं, १४४ रुपयाने. १०० पाकिटांपासून १३५, २०० पासून पुढे १२६. आता १०० च का, तर डंकावर आमचा एक घाणा २५ किलोचा होतो आणि त्यात बरोबर १०० पाकिटं निघतात, त्याच्यापेक्षा कमीसाठी डंक लावला की कुटाईचा खर्च अंगावर येतो.

अडलं ते तारखेवर. अजून आठवलं की डोकं तापतं.

मी लिहिलं होतं, "ऑर्डरनंतर ५ ते ७ दिवसांत डिस्पॅच." बस्स, एवढंच. दादांनी बुधवारी १२० पाकिटांची ऑर्डर मेल केली, अ‍ॅडव्हान्सचे ८,१०० जमा झाले शुक्रवारी संध्याकाळी. मी शनिवारपासून मोजायला लागले, ते बुधवारपासून मोजत होते, आणि त्यांच्या लेखी डिस्पॅच म्हणजे माल दुकानात पोचणं! मंगळवारी सकाळी फोन, "ताई, माल कुठवर आलाय? गिऱ्हाइकांना उद्याचं सांगून ठेवलंय." आणि मी गच्चीत उभी, समोर चटईवर मिरची वाळतेय. त्यांना काय सांगणार होते मी? त्यांना वाटलं मी ऑर्डर घेऊन गप्प बसले. मला वाटलं पैसे दोन दिवस उशिरा देऊन वर घाई करतायत. दोघांचं बरोबर होतं, चुकलेली होती ती माझी एक ओळ.

त्या रात्री बसून मी दिवस मांडले. शनिवारी मिरचीचे देठ काढणं, रविवारी बायकांची सुट्टी, सोमवार-मंगळवार ऊन, बुधवारी डंक, गुरुवार मसाला निवायला, शुक्रवारी पॅकिंग आणि लेबल. निवायचा दिवस लोकांना फुकट गेल्यासारखा वाटतो, पण डंकावरून आलेला मसाला हाताला गरम लागतो, तो तसाच भरला तर पाकिटाच्या आतून वाफ धरते आणि काही दिवसांत गोळे होतात. सासूबाई तो रात्रभर परातीत पसरून ठेवतात, मध्ये हात घालून बघतात, आत गार लागला तरच भरायला देतात. हा दिवस मी कुणासाठीही कापणार नाही, आणि तसं ईमेलमध्ये कारणासकट लिहिलं.

आता ती ओळ अशी आहे: "५०% अ‍ॅडव्हान्स जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कामाचे ६ दिवस, रविवार धरायचा नाही. सहाव्या दिवशी माल ट्रान्सपोर्टला बुक करून बिल्टीचा फोटो पाठवू, तो आमचा डिस्पॅच. पुढे पुण्याला पोचायला ट्रान्सपोर्टचे साधारण २ ते ३ दिवस वेगळे." आणि ऑर्डर कन्फर्म करताना नुसते दिवस न लिहिता खरी तारीख वारासकट टाकते, "शुक्रवारी बुकिंग" असं. वार लिहिला की मोजणीचा वादच राहत नाही.

हां, रेटचं एक राहिलं. पहिल्या मेलवर दादांनी विचारलेलं की १२० घेतली तर सगळ्या १२० ला १३५, की पहिल्या ९९ ला १४४ आणि वरच्या २१ लाच १३५? पहिल्या हिशोबाने १६,२००, दुसऱ्याने १७,०९१, म्हणजे ८९१ रुपयांचा फरक, दुकानदार तो बघणारच. मी सगळ्या पाकिटांना देते, पण लिहिलं नव्हतं. आणि "एका वेळी एका पत्त्यावर" हेही टाका, नाहीतर महिन्याभरात ४०-४० करून २०० उचलतील आणि १२६ मागतील. जीएसटी धरून की वेगळा आणि भाडं कोणाचं, हे रेटच्या शेजारीच लिहा, खाली कोपऱ्यात नको.

पावसाळ्याची ओळ मी सगळ्यात शेवटी घातली. जून ते सप्टेंबर ऊन नसतं, मिरची कढईत गरम करून घ्यावी लागते आणि एका वेळी थोडीच होते, म्हणून त्या दिवसांत ६ ऐवजी ९ दिवस आणि २०० च्या वर ऑर्डर असेल तर आधी फोन.

तो पहिला माल शुक्रवारी बुक झाला, सोमवारी पोचला. मी नवीन ईमेल दादांना पाठवला, सोबत मनापासून माफीही मागितली. महिन्याभराने त्यांचा मेल आला, २०० पाकिटं, आणि खाली त्यांनीच लिहिलेलं, "अ‍ॅडव्हान्स आज टाकलाय, म्हणजे मोजणी उद्यापासून ना ताई?"