ऑसिफिकेशन टेस्ट: कंबरेच्या एका फिल्मसाठी

घरकामाला ठेवलेल्या मुलीला आम्ही बालकल्याण समितीपुढे नेलं, तेव्हा तिच्याकडे ना शाळेचा दाखला होता, ना जन्माची नोंद. मालकीणबाई म्हणत होत्या, १९ पूर्ण आहेत. समितीने हाडांवरून वय ठरवायच्या तपासणीचा, म्हणजे ऑसिफिकेशन टेस्टचा, आदेश दिला आणि संस्थेतर्फे मी सोबत गेले. केसपेपर, संमतीची सही, ओळखखुणा, दात, उंची-वजन सगळं सुरळीत झालं. गाडी अडली ती एक्स-रेवर.

पत्रात ‘कोपर व मनगट’ एवढंच होतं, म्हणून तेवढ्याच फिल्म काढल्या गेल्या. न्यायवैद्यक विभागातल्या डॉक्टरांनी त्या उजेडात पाहिल्या आणि म्हणाले, “यावरून वय कमीत कमी किती ते सांगेन, जास्तीत जास्त किती ते नाही. कंबरेची फिल्म आणा.” एक्स-रेवाले म्हणाले, पत्रात नाही. पत्र देणारे साहेब जागेवर नाहीत. मी भयंकर चिडले होते, पण डॉक्टरांचं म्हणणं बरोबरच होतं.

वाढत्या वयात लांब हाडाचा दांडा आणि त्याचं टोक यांच्यामध्ये कूर्चा असते. एक्स-रेत ती काळी फट दिसते. पुढे कूर्चेचं हाड होतं आणि फट मिटते. मुलींचं कोपर साधारण १४ च्या आसपास जुळतं, मनगट १६-१७ च्या. मुलग्यांचं वर्ष-दोन वर्षं उशिरा. या मुलीची दोन्ही जुळलेली होती, म्हणजे वय १६ च्या पुढे. पण तसं मनगट चाळिशीच्या बाईचंही असतं! वरची मर्यादा कळते ती अजून न जुळलेल्या जागेवरून. कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर नवं हाड तयार होण्याचं केंद्र १४ च्या सुमारास उमटतं आणि १८-१९ च्या सुमारास हाडाला जुळतं. म्हणून १८ चा प्रश्न असेल, तर ही फिल्म लागतेच.

दुरुस्त पत्र मिळवेपर्यंत मी त्या खिडकीशी किती वेळा भांडले, विचारू नका. आदेशापासून १५ दिवसांत तपासणी पूर्ण व्हावी असं कायदा म्हणतो. तो कलमाचा कागद दाखवला, तेव्हा कुठे सही झाली. पोटाखालची फिल्म काढण्याआधी गर्भधारणेची चाचणी मागतात, ती आधीच करून घ्या.

कडेवर केंद्र पूर्ण उमटलेलं होतं, खाली काळी फट स्पष्ट होती. (जुळून गेल्यावरही पांढरी पुसट रेघ बरीच वर्षं राहते. तिला फट समजू नये, असं डॉक्टरांनी बजावलं.) अहवालात आलं: १६ ते १८.

“दोन वर्षांचा फरक पडतो, मग २० धरा,” असं मालकीणबाईंच्या बाजूने लगेच सांगण्यात आलं. दोन्हीकडे दोन वर्षांचा हा फरक सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये जया माला प्रकरणात मान्य केलेला आहे, पण तो खालीही जातो. उपासमारीने हाडं उशिरा जुळू शकतात, म्हणजे खरं वय दिसतं त्याहून जास्तही असू शकतं, हेही समितीसमोर आलं. तरी शंकेचा फायदा समितीने मुलीला दिला आणि वय १८ च्या आत नोंदवलं.

आणि हो, आधी गावच्या शाळेत विचारा. शाळेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मतारखेचा दाखला मिळाला, तर हाडांपर्यंत जावंच लागत नाही.