बदामाची सालं, टोमॅटोची सालं आणि "थोडा वेळ गरम पाण्यात"

बदाम कतलीच्या जेवढ्या रेसिपी पाहिल्या त्यात एकच वाक्य, बदाम गरम पाण्यात थोडा वेळ ठेवा आणि सालं काढा. गरम म्हणजे किती, थोडा वेळ म्हणजे किती, कोणी सांगायलाच तयार नाही! याचा मला अजूनही राग येतो, कारण सगळा खेळ त्या दोन आकड्यांचाच आहे.

गीझरचं पाणी साधारण ६० डिग्रीचं असतं, त्यात बदाम अर्धा तास बसले तरी साल चिकटूनच राहतं, नखाने खरवडावं लागतं आणि बदामाचे तुकडे पडतात. पाणी खळखळ उकळणारंच हवं. पुण्यात ते साधारण ९८ डिग्रीला उकळतं, तेवढं पुरतं. पाव किलो बदामांना निदान लिटरभर पाणी घ्या, कमी पाण्यात बदाम पडले की ते लगेच थंड होतं. बदाम टाकल्यापासून ६० सेकंद मोजायचे, मोबाईलवर टायमर लावून, अंदाजाने नाही. सालाला सुरकुत्या पडलेल्या दिसतात, एक बदाम काढून गार पाण्यात बुडवून चिमटीत दाबा, सुळकन बाहेर आला की झालं. नाही आला तर अजून १५-२० सेकंद, पण दोन-तीन मिनिटं उकळत ठेवू नका, बदाम मऊ पडतो, पाणी पितो आणि कतलीची पूड न होता मिक्सरमध्ये लगदा होतो.

आणि हे तर कुठेच लिहिलेलं नसतं, सालं ओली असतानाच काढायची. चाळणीत निथळत ठेवून फोन घ्यायला गेलात की वरचे बदाम सुकतात आणि सैल झालेलं साल परत चिकटतं. म्हणून मी आता मूठ-मूठभरच उकळत्या पाण्यात टाकते, तेवढे सोलून झाले की पुढची मूठ. सोललेले बदाम फडक्यावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडे होऊ द्या, मगच दळा.

टोमॅटोचं त्यामानाने सोपं. बुडाला सुरीने उथळ फुली मारा, उकळत्या पाण्यात सोडा, पिकलेला लाल टोमॅटो २० ते ३० सेकंद, जरा कडक असेल तर ४५ ते ६०. फुलीची टोकं उलटायला लागली की लगेच बर्फाच्या पाण्यात, नाहीतर आतल्या उष्णतेने तो शिजतच राहतो आणि सालाबरोबर गरही निघून येतो. सालाखालचा पातळ थर उष्णतेने सैल होतो, एवढंच आपल्याला हवं असतं, टोमॅटो शिजवायचा नसतो.

हो, फ्रीजमधून काढलेले टोमॅटो आधी बाहेर ठेवा आणि एका वेळी चार-पाचच टाका, जास्त टाकले की उकळी बसते आणि मग सेकंद मोजून उपयोग नाही.