ट्यूब दोन्ही पांढऱ्याच होत्या

जूनच्या शेवटच्या आठवड्यात कोथरूडमधून एका काकूंचा फोन आला. "अहो, बेसिनच्या कडेचं ते पांढरं लोण्यासारखं झालंय, बोटाला लागतंय. मी दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणून ठेवलीये. तुम्ही फक्त वरून एक हात फिरवून द्या." खिडक्या-बाथरूमचे सांधे भरणं हे माझं रोजचं काम. वरून हात फिरवून ते भागत नाही हे मला माहीत होतं, पण फोनवर काही बोललो नाही. म्हटलं, आधी बघू तरी.

मार्चमध्ये त्यांच्या घराचं रंगकाम झालं होतं. रंगवणाऱ्यांनीच बाथरूमचे आणि खिडक्यांचे सांधेही भरून दिले होते. बेसिन पांढऱ्या मार्बलच्या काउंटरवर बसवलेलं होतं. त्याच्या कडेच्या पट्टीवर मी नख टेकवलं तर ते आत रुतलं. थोडं काढून चिमटीत ओल्या बोटांनी चोळलं, तर त्याचं पांढरं पाणी झालं. ते सांधे भरायचं ॲक्रिलिक होतं. रबरासारखं ताणून सोडल्यावर परत जागेवर आलं असतं तर सिलिकॉन म्हटलं असतं.

ॲक्रिलिक पाण्यात कालवलेलं असतं. त्यातलं पाणी उडून गेलं की ते घट्ट होतं. पाणी गेल्यामुळे थोडं आकसतं, आणि सतत ओलं राहिलं तर पुन्हा मऊ पडायला लागतं. बेसिनची कड दिवसातून वीस वेळा भिजते, रात्रीही पुरती सुकत नाही. तिथे ते टिकणार कसं? काउंटरखालचं कपाट उघडलं तर मागच्या बाजूचा प्लाय फुगून त्याचे पदर सुटले होते. काकूंना वाटत होतं की नळाच्या जोडणीतून पाणी येतंय. मी जोडणीला कोरडा टिश्यू गुंडाळून पाच मिनिटं नळ चालू ठेवला. टिश्यू कोरडाच राहिला. मग बेसिनच्या कडेवर तांब्याभर पाणी ओतलं, तर खाली लगेच टपटप सुरू झाली.

"मग माझी ट्यूब लावा ना," काकू म्हणाल्या. मी ट्यूबचं तोंड कापून थोडं बाहेर काढलं आणि त्यांना वास घ्यायला लावला. व्हिनेगरसारखा आंबट वास होता. या प्रकारचं सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं. काच आणि चिनी मातीवर ते उत्तम चिकटतं, पण मार्बलला ॲसिड लागलं की दगडाचा वरचा थर खाल्ला जातो, डाग पडतो आणि पकडही सुटते. सिमेंटच्या गिलाव्याचंही तेच. अशा जागी ट्यूबवर 'न्यूट्रल' लिहिलेलं सिलिकॉन लागतं. त्याला तो आंबट वास नसतो. ते माझ्या बॅगेत होतं. काकूंची ट्यूब मी त्यांच्याचकडे ठेवली, शॉवरच्या काचेच्या कोपऱ्यासाठी.

जुनं ॲक्रिलिक काढायला जवळजवळ पाऊण तास गेला. कटरने दोन्ही कडा सोडवल्या, ओल्या फडक्याने उरलेलं पुसलं, मग सगळं सुकवून स्पिरिटने एक हात मारला. ही पायरी गाळून जुन्यावरच नवीन भरलं असतं, तर नवीन पट्टी त्या मऊ थराला चिकटली असती आणि त्याच्यासकट उचकटली असती. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावली, नोझल तिरकं कापलं आणि एका दमात पट्टी ओढली. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने ती दाबली आणि साय धरायच्या आत टेप काढली. सिलिकॉन हवेतली ओल घेऊन घट्ट होतं. चोवीस तासांत साधारण दोन-तीन मिलिमीटरच धरतं. फट पाच मिलिमीटरची होती, म्हणून दोन दिवस बेसिन वापरू नका असं सांगितलं.

निघताना काकू म्हणाल्या, "हॉलच्या खिडकीपाशीही बघा हो, रंग सोलपटतोय." स्लायडिंग खिडकीच्या ॲल्युमिनियम फ्रेमभोवती, आतून, बोटभर रुंदीच्या पट्टीवरून रंग कागदासारखा निघत होता. रंगाखालची पट्टी ताणली तर रबरासारखी लांबली. तिथे सिलिकॉन होतं! बाथरूममध्ये लावायचं ते खिडकीला आणि खिडकीचं ते बाथरूमला लावलं होतं. दोन्ही ट्यूब पांढऱ्या, सुकल्यावर दिसायला सारख्याच. भरणाऱ्याने बहुधा जी हातात आली ती गनला लावली.

सिलिकॉनवर रंग धरत नाही. तेलकट ताटावर पाणी फुटतं तसा तो फुटतो, आणि सुकला तरी पापुद्रा होऊन निघतो. आतल्या भिंतीला, जिथे वरून रंग येणार आहे, तिथे ॲक्रिलिकच हवं. पण ती पट्टी काढणं बाथरूमपेक्षा कितीतरी जिकिरीचं. गिलाव्याच्या भोकाभोकांत सिलिकॉनचा अंश राहतो, तो पाण्याने जात नाही आणि त्यावर पुट्टीही बसत नाही. स्क्रॅपरने खरवडून, पॉलिशपेपर मारून, शेवटी बोटभर रुंदीचा पुट्टीचा थर उडवावा लागला. मग नवी पुट्टी आणि ती पूर्ण वाळल्यावर ॲक्रिलिक, असा क्रम ठरवला. पावसाळी हवेत सिलिकॉन पटकन धरतं आणि ॲक्रिलिक रेंगाळतं. म्हणून ॲक्रिलिकवर रंग लावायची घाई करू नका, आकसून खाच पडली तर दुसरा हात द्यावा लागेल, असं काकूंना समजावलं.

हे सांगत असतानाच खिडकीखालच्या भिंतीवरचा ओलीचा डाग दिसला. आतला सांधा कशाने भरला यावर तो डाग अवलंबून नव्हता, पाणी दुसरीकडून येत होतं. खिडकीचं तोंड पश्चिमेला, पाऊस थेट काचेवर. मी खालच्या ट्रॅकमध्ये बोट घातलं तर त्यात पाणी तुंबलेलं. ट्रॅकला बाहेरच्या अंगाने छोटी भोकं असतात, आत आलेलं पाऊसपाणी त्यांतून बाहेर पडतं. ती सगळी सिलिकॉनने बंद केली होती. फट दिसली की भरायची, अशा समजुतीने कुणीतरी मन लावून बुजवली होती. मी आतूनच तार घालून पहिलं भोक मोकळं केलं आणि बाहेरच्या कट्ट्यावर पाण्याची धार पडल्याचा आवाज आला. काकू खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. मी चारही भोकं उघडली. ट्रॅक दोन मिनिटांत रिकामा झाला.

फ्रेम आणि बाहेरचा गिलावा यांच्यातही केसभर फट होती. उन्हाने ॲल्युमिनियम फुगतं, थंडीने आकसतं, म्हणून बाहेर ॲक्रिलिक लावलं तर ते त्या हालचालीने तडकतं. तिथे न्यूट्रल सिलिकॉनच हवं. पण भिंत ओली होती आणि ओल्या गिलाव्याला तेही चिकटत नाही. काकूंचं म्हणणं, आलाच आहात तर आजच लावून टाका. मी नाही म्हटलं. त्या दिवसाचे बाहेरचे पैसे घेतले नाहीत. फ्लॅट पहिल्या मजल्यावर असल्याने शिडीने पोचता येतं. पावसाने तीन-चार दिवस उघडीप दिली आणि गिलावा हाताला कोरडा लागला की मला फोन करा, असं सांगून आलो.

तो फोन बारा दिवसांनी आला. भिंतीवरचा डाग तोवर फिका पडला होता.