तुम्ही विचारलंत म्हणून: दमले की शहाणे झाले?

“धर्मासाठी एकमेकांचे गळे कापणारे युरोपातले लोक एकदम सहिष्णू कसे काय झाले? दमले म्हणून, की शहाणे झाले म्हणून?”

दोन्हींपैकी एकच उत्तर निवडा, असा आग्रह धरला जातो आणि मी कुरकुर करू लागलो की मी उत्तर टाळतो आहे, असे मानले जाते. मी टाळत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ते लोक निदान 1648 सालापर्यंत तरी सहिष्णू झालेलेच नव्हते. त्यांनी परस्परांच्या श्रद्धेला मान दिला नाही, त्यांनी तिला एक तारीख लावून दिली. हे समजायला डोनाउवोर्थ या जर्मन गावाची हकीगत पुरेशी आहे.

डोनाउवोर्थ कोणा राजाच्या ताब्यात नव्हते, ते थेट पवित्र रोमन साम्राज्याच्या, म्हणजे तेव्हाच्या जर्मन मुलखांवरच्या साम्राज्याच्या, सम्राटाच्या अधिकाराखालचे शहर होते. 1555 च्या आउग्सबुर्ग तहाने राजांना आपल्या मुलखाचा धर्म ठरवण्याची मुभा दिली होती. मात्र ज्या साम्राज्य-शहरांत कॅथलिक आणि लुथरपंथी, म्हणजे मार्टिन लुथरला मानणारे प्रॉटेस्टंट, असे दोघेही होते, तेथे दोघांनाही राहू द्यावे असे बंधन घातले होते. या गावात नगरसभा आणि बहुतेक नागरिक लुथरपंथी होते, तर मूठभर कॅथलिकांचा आधार होता होली क्रॉस हा बेनेडिक्टिन मठ. त्यांनी मिरवणूक काढावी, पण शहरातून जाताना पताका गुंडाळलेल्या असाव्यात, अशी नगरसभेची अट होती. कापड गुंडाळलेले की उलगडलेले, या प्रश्नावर ते सहजीवन उभे होते.

25 एप्रिल 1606 रोजी, संत मार्कच्या सणाला, मठातील लोकांनी पताका उलगडल्या. परतीच्या वाटेवर जमावाने मिरवणुकीवर हल्ला केला आणि पताका हिसकावून फाडल्या. एवढ्यावर हे मिटायला हवे होते. पण तक्रार सम्राटाच्या दरबारी न्यायसभेत गेली, तपासासाठी आलेल्या बव्हेरियाच्या अधिकाऱ्यांना गावकऱ्यांनी हुसकावून लावले आणि 1607 साली सम्राटाने शहर बहिष्कृत, म्हणजे कायद्याच्या संरक्षणाबाहेरचे, ठरवले. अंमलबजावणीचा मान प्रथेनुसार त्या प्रांताच्या लुथरपंथी प्रमुखाचा, म्हणजे व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकचा होता. सम्राटाने तो बव्हेरियाचा कॅथलिक ड्यूक मॅक्सिमिलियन याला दिला. त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याचे सैन्य शहरात शिरले आणि खर्च वसूल होईपर्यंत तारण म्हणून शहर त्याच्याकडेच राहिले. 1608 साली प्रॉटेस्टंट राजांची युती आणि 1609 साली कॅथलिकांचा संघ, हे दोन्ही या भीतीच्या सावलीत जन्मले. म्हणजे 1555 चा तह लोकांनी मोडण्याआधी, त्याचा अर्थ कोणी लावायचा, या वादात तो मोडला.

1618 साली सुरू झालेले तीस वर्षांचे युद्ध संपवणाऱ्या 1648 च्या ओस्नाब्रुक तहाने हाच कच्चा दुवा धरला. धर्माच्या बाबतीत साम्राज्यसभेत, म्हणजे राजे आणि शहरांच्या प्रतिनिधींच्या सभेत, बहुमताने निर्णय घ्यायचा नाही. दोन्ही पंथांनी वेगळे बसून परस्परसंमतीने मिटवायचे, असे ठरले. आणि कोण कुठे उपासना करेल, याला 1624 हे प्रमाणवर्ष धरले. प्रॉटेस्टंटांना 1618 हवे होते, कॅथलिकांना त्यानंतरचे. 1624 ही घासाघीस करून निघालेली मधली किंमत होती. त्या वर्षी ज्यांची सार्वजनिक उपासना चालू होती त्यांची ती चालू राहील, मग राजाचा धर्म कोणताही असो. ज्यांची तेव्हा नव्हती, त्यांनाही घरात प्रार्थना करता येईल, शेजारच्या मुलखात जाऊन सामूहिक उपासना करता येईल, मुलांना परक्या शाळेत पाठवता येईल; व्यापार, कारागिरांचे संघ, इस्पितळ आणि दफनभूमी त्यांना बंद होणार नाहीत. जायचेच असेल तर मुदत मिळेल: तहाच्या वेळी असलेल्यांना पाच वर्षे, नंतर धर्म बदलणाऱ्यांना तीन.

यात मोठेपणा कुठे आहे, असे मला विचारले जाते. मीसुद्धा हेच विचारत असे, आणि आजही पूर्ण उत्तर देता येत नाही. कॅथलिक, लुथरपंथी आणि प्रॉटेस्टंटांचाच दुसरा पंथ असलेले कॅल्विनपंथी सोडून चौथ्या कोणाला साम्राज्यात थारा नाही, असे हाच तह सांगतो. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग मुलखांना तो जवळजवळ लागू नव्हता. 1624 साली डोनाउवोर्थ बव्हेरियाच्या ताब्यात होते, त्यामुळे त्या गावाचा प्रश्न पुढच्या साम्राज्यसभेवर ढकलला गेला.

पण 1731 सालचे साल्झबुर्ग पाहा. तिथे राज्यही करणाऱ्या कॅथलिक आर्चबिशपने सुमारे वीस हजार प्रॉटेस्टंटांना हाकलले आणि ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांना निघायला तीन वर्षांऐवजी आठ दिवस दिले. ते पाखंडी आहेत, एवढे म्हणून मात्र त्याला भागले नाही. मुदत नाकारण्यासाठी त्याला त्यांना बंडखोर ठरवावे लागले.