दोन कुऱ्हाडे

तुम्ही विचारलंत म्हणून: "नावं डोळ्यांना हुबेहूब सारखी दिसतात, तरी एक्सेल त्यांना डुप्लिकेट का धरत नाही?"

आमच्या वाचनालयाच्या दोन याद्या मी एकत्र केल्या, तेव्हा हे माझ्यासमोर आलं. एक यादी कार्यालयातल्या संगणकावर टाइप केलेली, दुसरी सभासदांनी मोबाइलवर भरलेल्या फॉर्मची. डुप्लिकेट शोधले, थोडे निघाले, ते काढून टाकले. पुढच्याच महिन्यात एका आजींना वर्गणीची दोन स्मरणपत्रं गेली. वर्गणी भरली होती, तरी दुसरं पत्र आलं म्हणून त्या पुन्हा पैसे घेऊन जिना चढून आल्या. त्यांना तसं दारात उभं पाहिल्यावर मी यादी ओळीन्‌ओळ तपासायला बसले.

आडनाव होतं कुऱ्हाडे, दोन्हीकडे तसंच दिसणारं. शेजारच्या रकान्यात `=LEN(A2)` घातलं, तर एकीकडे 8 आणि दुसरीकडे 9. दिसायला सारखं आणि लांबी वेगळी, म्हणजे न दिसणारं काहीतरी आत आहे.

सगळ्यात जास्त वेळा ते काहीतरी म्हणजे मोकळी जागा असते. नावापुढे चुकून स्पेसबार दाबला गेला, तर TRIM ती जागा काढतं. पण वेब पानावरून कॉपी केलेल्या मजकुरात बरेचदा वेगळीच जागा येते, ओळ तुटू न देणारी. तिचा युनिकोडमधला क्रमांक 160, साध्या जागेचा 32. TRIM फक्त 32 ओळखतं. CLEAN हे 0 ते 31 पर्यंतची नियंत्रणचिन्हं काढतं, त्यामुळे 160 त्याच्याही हातून सुटते. `=UNICODE(RIGHT(A2,1))` हे सूत्र 160 दाखवत असेल, तर आधी तिची साधी जागा करायची आणि मगच TRIM लावायचं. क्रम उलटा केला तर शेवटची जागा तशीच राहते.

```
=LOWER(TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," ")))
```

यातलं LOWER इंग्रजी अक्षरं लहान करतं, ते ईमेलच्या रकान्यासाठी आहे. एक्सेलमध्ये सारख्या नोंदी मोजणारं COUNTIF लहान-मोठ्या लिपीत फरक करत नाही, पण गूगल शीट्समध्ये वेगळ्या नोंदी काढणारं UNIQUE करतं. म्हणून एकीकडे साफ ठरलेली यादी दुसरीकडे नेली की तिच्यात पुन्हा जोड्या दिसू लागतात.

कुऱ्हाडेंचं प्रकरण मात्र जागेचं नव्हतंच. ते आपल्या ऱ्ह-ऱ्य चं होतं, आणि मराठी यादी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक, ऱ (नुक्तावाला, क्रमांक 2353) आणि हलन्त. दोन, साधा र (2352), हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचं जोडचिन्ह (8205). पडद्यावर दोन्ही एकच दिसतात. पहिल्या प्रकारात कुऱ्हाडे 8 चिन्हांचं, दुसऱ्यात 9 चिन्हांचं. कुठल्या कीबोर्डवर टाइप केलं, त्यावर कोणता प्रकार येणार ते ठरतं. त्या आजींच्या दोन नोंदी अशाच होत्या, एक कार्यालयातली, एक नातवाच्या मोबाइलवरची.

अशा वेळी अदृश्य चिन्हं सरसकट पुसून टाकायचा सल्ला मिळतो. मी तो पाळला आणि पस्तावले. 8205 पुसलं की र चा रफार होतो आणि नाव "कुर्हाडे" होतं. ते "कुऱ्हाडे"शी जुळत नाहीच, वर चुकीचंही दिसतं. मराठीत हे चिन्ह अर्थ बदलतं: दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन. म्हणून पुसायचं नाही, दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घ्यायचा:

```
=SUBSTITUTE(A2,
 UNICHAR(2352)&UNICHAR(2381)&UNICHAR(8205),
 UNICHAR(2353)&UNICHAR(2381))
```

यानंतर दोन्ही कुऱ्हाडे 8 वर आले आणि जोडी सापडली.

हे सगळं मी वेगळ्या रकान्यात करते. मूळ नाव जसंच्या तसं राहतं, तुलना फक्त या साफ केलेल्या रकान्यावर होते. पत्रावर छापायचं ते मूळ नावच, कारण माणसाने आपलं नाव जसं लिहिलं ते बदलायचा हक्क मला नाही.

आणि यातून न सापडणाऱ्या जोड्याही आहेत. कोणी "कुराडे" लिहिलं असेल, कोणी नावाआधी "सौ." लावलं असेल, तर ती चिन्हं खरोखरच वेगळी आहेत आणि वरची सूत्रं त्यांना एक करणार नाहीत. तिथे मी फोन नंबरच्या क्रमाने यादी लावते, एकाच नंबरवर दोन नावं दिसली की त्या घरी फोन करते आणि विचारते.